“खाल्लं नाही ना?” – “हो”

“आईचं इथे इंग्लंडमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. सकाळी नर्सने तिला विचारलं, ‘यू हॅवन्ट ईटन एनिथिंग सिन्स मिडनाइट?’ आई म्हणाली, ‘येस.’ नर्स थबकली. मी घाईघाईने ‘नो, नो’ म्हणालो, तर आई माझ्यावरच चिडली, मी तिला खोटं पाडतोय म्हणून. शेवटी तीनतीनदा सांगावं लागलं. चुकलं कोणाचं? पुढच्या महिन्यात दुसरं ऑपरेशन आहे. तेव्हा काय करू?”

चूक कोणाचीच नाही. आई मराठीच बोलल्या, फक्त शब्द इंग्रजी होता. तुम्ही इंग्रजीत बरोबर उत्तर दिलंत, पण आईंनी ते मराठीत ऐकलं. नर्स थबकली हे तर फार चांगलं झालं. मी इथल्या रुग्णालयांमध्ये अठरा वर्षं मराठी आणि हिंदीची दुभाषी म्हणून काम करते, आणि न थबकणाऱ्या नर्सची मला जास्त धास्ती वाटते.

आईंच्या तोंडचं ‘येस’ म्हणजे आपलं ‘हो’. हे ‘हो’ समोरच्याच्या अख्ख्या वाक्याला लागतं: तुम्ही म्हणताय ते खरं आहे. ‘होय’ हे मुळात ‘होणे’ या क्रियापदाचंच रूप आहे, म्हणजे त्याचा अर्थच ‘तसं आहे’ असा. नर्स म्हणाली, तुम्ही काही खाल्लेलं नाही. आई म्हणाल्या, तसंच आहे. यात कुठेही गफलत नाही.

इंग्रजीतलं ‘येस’ मात्र मागच्या वाक्याकडे बघत नाही, पुढे येणाऱ्या वाक्याकडे बघतं. उत्तराचं वाक्य होकारार्थी असेल तर ‘येस’, नकारार्थी असेल तर ‘नो’, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. ‘नो, आय हॅवन्ट’ किंवा ‘येस, आय हॅव’. ‘येस, आय हॅवन्ट’ असं कोणी इंग्रज म्हणत नाही. आपल्याकडे मात्र ‘हो, नाही खाल्लं’ हे रोजचं वाक्य आहे. त्यामुळे आईंचं नुसतं ‘येस’ ऐकल्यावर नर्सच्या डोक्यात उरलेलं वाक्य ‘आय हॅव’ असं पुरं व्हायला लागलं. म्हणजे खाल्लं.

आणि आई का चिडल्या, तेही इथेच आहे. त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि मुलाने लगेच ‘नो, नो’ म्हटलं. मराठी कानाला ते ‘नाही, नाही, ती म्हणते तसं नाही’ असंच ऐकू येणार. चार परक्या माणसांत पोराने आपल्याला खोटं पाडलं असं त्यांना वाटलं असेल, तर त्यांना सांगा की तुम्ही त्यांचंच म्हणणं इंग्रजीत सांगत होतात. दुखावलेल्या आईला एवढं समजावून सांगणं अगदी आवश्यक आहे.

इथवर ऐकून बरेच जण एक सूत्र बांधतात: नकारार्थी प्रश्नाला मराठी माणूस ‘हो’ म्हणाला की इंग्रजीत ‘नो’ म्हणायचं आणि ‘नाही’ म्हणाला की ‘येस’. पहिला अर्धा भाग बऱ्याचदा चालतो, दुसरा घात करतो. कारण ‘नाही’ हा एक शब्द नाही, दोन आहेत.

एक ‘नाही’ म्हणजे ‘तुम्ही म्हणता ते चूक’. दुसरं ‘नाही’ हे क्रियापद आहे. मुळात ते ‘न’ आणि ‘आहे’ यांचं जोडरूप, म्हणून तर ते बदलतं: तू नाहीस, ते नाहीत. “जेवला नाहीत?” या प्रश्नाला आपण नुसतं “नाही” म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हे दुसरं, क्रियापदाचं ‘नाही’ असतं. ‘जेवलो नाही’ यातलं ‘जेवलो’ गाळून उरलेलं शेपूट. म्हणजे नुसतं ‘हो’ म्हटलं तरी उपाशी आणि नुसतं ‘नाही’ म्हटलं तरी उपाशी. मराठी माणसाला यात काही अडचण वाटत नाही, कारण जो खरोखर जेवला आहे तो नुसतं ‘हो’ किंवा नुसतं ‘नाही’ म्हणून सहसा थांबतच नाही. तो क्रियापद उच्चारतो.

कसं उच्चारतो ते बघा: “जेवलो की!” या ‘की’ला व्याकरणाच्या पुस्तकात फारशी जागा मिळत नाही, पण माझ्या कामात त्याच्याइतका मोलाचा शब्द नाही. कोणी नकार गृहीत धरून विचारलं आणि तो गृहीत नकार खोडायचा असेल, तर मराठीत ‘हो’ही नको आणि ‘नाही’ही नको, क्रियापदाला ‘की’ लावलं की काम होतं. “आला नाहीत काल?” “आलो की.” “गोळी घेतली नाहीत?” “घेतली की.” फ्रेंच लोक याच कामासाठी ‘सी’ हा वेगळा शब्द वापरतात, जर्मन ‘डॉख’ म्हणतात. रुग्णाच्या वाक्यात ‘की’ ऐकू आला की मी निर्धास्तपणे होकारार्थी वाक्य सांगते. काही जण ‘की’ऐवजी ‘ना’ म्हणतात, “जेवलो ना!”, आणि त्यातला हेल तोच असतो.

खरी कसोटी असते ती ‘की’ नसताना. आता ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा.

“नाही जेवलो.”

“नाही, जेवलो.”

पहिला उपाशी आहे, दुसरा जेवून आला आहे. मध्ये फक्त एक स्वल्पविराम आहे, आणि स्वल्पविराम बोलण्यात दिसत नाही. साधं नकारार्थी वाक्य ‘जेवलो नाही’ असं होतं, पण बोलताना आपण ‘नाही’ पुढे ओढतो, म्हणून ही पंचाईत. समोरासमोर असताना कान ते बरोबर पकडतो. ‘नाही जेवलो’मध्ये सगळा जोर ‘ना’वर असतो आणि क्रियापद खाली उतरत जातं, दोन्ही शब्द एकाच दमात येतात. ‘नाही, जेवलो’मध्ये ‘नाही’ तिथेच संपतं, पुसटसा श्वास येतो आणि ‘जेवलो’ला स्वतःचा जोर मिळतो. बऱ्याचदा ते ‘जेवलोय’ होतं किंवा मागे ‘मघाशीच’ लागतं. पहिल्या वाक्याला बहुधा ‘अजून’ किंवा ‘काहीच’ जोडलेलं असतं.

पण आता माझं निम्म्याहून जास्त काम फोनवर होतं. फोनचा आवाज पोचायला किंचित उशीर होतो, मध्येच एखादं अक्षर गिळलं जातं, आणि वयस्कर माणूस दम लागत बोलत असेल तर प्रत्येक शब्दानंतर श्वास असतो. तिथे तो श्वास स्वल्पविरामाचा की दम्याचा, हे अठरा वर्षांनंतरही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लिहितानाही तेच. घरच्यांना मेसेज येतो, “नाही जेवले”. मोबाइलवर स्वल्पविराम कोण टाकतं? असा मेसेज वाचून नर्सला उत्तर देऊ नका. फोन करा.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण तो माझ्याच हातून घडला. पहिल्या दोनतीन वर्षांतली गोष्ट. सत्तरीचे गृहस्थ, मुलाकडे राहायला आलेले, मांडीच्या सांध्याजवळचा हर्निया, पूर्ण भूल देऊन ऑपरेशन. मी फोनवर. नर्सने विचारलं ते मराठीत असं झालं: “सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?” आजोबा म्हणाले, “हो.” मी इंग्रजीत म्हटलं, “येस.”

शब्दाला शब्द ठेवला, झालं. क्षणभर शांतता. मग नर्स म्हणाली, “म्हणजे खाल्लंय?” आता मी सावध झाले, पण चुकीच्या बाजूने. मी त्यांना विचारलं, “आजोबा, म्हणजे खाल्लं नाहीत ना?” पुन्हा तोच नकारार्थी प्रश्न, फक्त जरा काळजीच्या सुरात. आजोबा म्हणाले, “नाही, नाही.” नर्सला मी सांगितलं, काही खाल्लेलं नाही. तिने तसं लिहून घेतलं. माझ्या मते मी गोंधळ निस्तरला होता.

थोड्या वेळाने भूलतज्ज्ञांनी फोन पुन्हा लावला. अनुभवी बाई होत्या. त्यांनी मला सांगितलं, “त्यांना विचारा, काल रात्रीपासून आत्तापर्यंत तोंडात काय काय गेलं, आणि किती वाजता.” आजोबांनी खुशीत यादी दिली. रात्री साडेआठला भाकरी आणि पिठलं. झोपताना पाणी. सकाळी सव्वासहाला चहा. “किती चहा?” “एक कप. सुनेने केला होता, आल्याचा. पण खाल्लं काही नाही हो, बिस्किटसुद्धा नाही.”

आजोबा एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. मराठीत चहा हे खाणं नाही. मी ‘खाल्लं-प्यायलं’ असं विचारलं होतं खरं, पण तो जोडशब्द कानावर पडला की आपल्या मनात जेवणखाण येतं, सकाळचा चहा येत नाही. चहा झाला की मग दिवस सुरू होतो, आणि ‘काही खाल्लं का’ हा प्रश्न त्यानंतरचा.

भूल देणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो चहाच मोजायचा होता. भूल चढली की खोकून टाकण्याची, गिळण्याची आपली उपजत राखण झोपते. पोटात काही असेल आणि ते वर आलं, तर ते श्वासनळीत उतरतं, फुप्फुसात जातं, आणि त्यातून जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि पाणी, कोरा चहा यांसारख्या नितळ पेयांनंतर दोन तास थांबायचा प्रघात आहे. आजोबांचा चहा अर्धा दुधाचा. दूध पोटात गेल्यावर दह्यासारखं घट्ट होतं आणि रेंगाळतं, म्हणून असा चहा भूलतज्ज्ञांनी खाण्यात धरला. सव्वासहा अधिक सहा म्हणजे सव्वाबारा. ऑपरेशन साडेनऊचं होतं. त्यांनी ऑपरेशनांचा क्रम बदलला, आजोबांना दुपारी घेतलं, सगळं नीट पार पडलं. पण ‘काही खाल्लेलं नाही’ हे वाक्य माझ्या आवाजात त्या कागदावर गेलं होतं, आणि ती बाई नसती तर साडेनऊला त्यांना आत नेलं असतं.

त्या दिवशी मला जे उमगलं ते असं. मी दोनदा उत्तराचा अर्थ लावायचा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा प्रश्नच सदोष होता. नकारार्थी प्रश्नाच्या उत्तराचा उलगडा कितीही हुशारीने केलात, तरी हाती लागतं ते एवढंच की माणूस तुमच्याशी सहमत आहे की नाही. त्याच्या पोटात काय आहे ते त्याला कोणी विचारलेलंच नसतं. आणि ‘नाही ना?’ यातला ‘ना’ आणखी एक काम करतो. विचारणाऱ्याला कोणतं उत्तर हवंय ते तो सांगून टाकतो. डॉक्टरांचा, नर्सचा मान राखणारी आपली वडीलधारी माणसं मग ते हवं असलेलं उत्तर देतात.

‘हो’चा आणखी एक अर्थ फोनवर फार छळतो: ‘ऐकतोय, बोला.’ आपण ऐकताना ‘हो, हो’, ‘हं, हं’ करत राहतो. नर्स प्रश्न संपवायच्या आत आजोबांचं ‘हो’ आलेलं असतं आणि ते उत्तर म्हणून नोंदलं जातं. प्रश्न पूर्ण व्हायच्या आधी आलेलं ‘हो’ मी कधीच भाषांतरित करत नाही. समोरासमोर असाल तर मानेचंही तेच. आपली मान डावी-उजवीकडे डोलते तेव्हा आपण ‘बरं’ म्हणत असतो, आणि इंग्रजी डोळ्याला ते ‘नाही’सारखं दिसतं.

यात वेगळेपण फक्त आपलं आहे असं समजू नका. जपानी माणूसही आपल्यासारखाच ‘तुम्ही म्हणता ते बरोबर’ या अर्थाने ‘हाइ’ म्हणतो. आयरिश भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’साठी स्वतंत्र शब्दच नाहीत, तिथे क्रियापद परत म्हणतात, आपल्या ‘जेवलो’सारखं. आणि खुद्द इंग्रजीतही एकेकाळी दोनाऐवजी चार शब्द होते. साध्या प्रश्नाला ‘येय’ आणि ‘नेय’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’. म्हणजे ‘तू जेवला नाहीस?’ याला ‘येस’ म्हटलं की अर्थ एकच: जेवलो की! ‘येस’ हा मुळात त्यांचा ‘की’ होता. सोळाव्या शतकात ही वाटणी ढिली पडत होती. बायबलचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्यम टिंडेल यांनी ‘नेय’च्या जागी ‘नो’ लिहिलं म्हणून थॉमस मोर यांनी १५३२ मध्ये त्यांना छापील टोला हाणला होता. पुढे ‘येय’ आणि ‘नेय’ रोजच्या बोलण्यातून गेले आणि उरलेल्या दोन शब्दांवर चौघांचं ओझं पडलं. त्यामुळे नुसतं ‘येस’ ऐकून जन्माने इंग्रज असलेली नर्ससुद्धा पुन्हा विचारते, आणि तिचं बरोबरच असतं. इंग्रज माणूसही कधीकधी ‘येस, दॅट्स राइट’ या अर्थाने आईंसारखंच ‘येस’ म्हणून जातो.

सूत्र पाठ करू नका म्हणते त्याचं आणखी एक कारण आपल्या घरातच आहे. इथे जन्मलेली आपली मुलं मराठी शब्द वापरतात, पण हिशेब इंग्रजी ठेवतात. आजी विचारते, “डबा खाल्ला नाहीस?” नात म्हणते, “हो.” तिच्या मनात असतं, हो, खाल्ला. आजी ऐकते, हो, नाही खाल्ला. मग आजी पोळी लाटायला घेते आणि नात गोंधळून बघत बसते. घरात एका पोळीवर भागतं. पण तीस-चाळीस वर्षं इथे काढलेली माणसं रुग्ण म्हणून येतात, तेव्हा त्यांचा हिशेब कोणता, हे मला चेहऱ्यावरून कळत नाही. एकच माणूस सकाळी इंग्रजी हिशेबाने बोलतो आणि भुलीतून बाहेर येताना मराठी हिशेबाने. कोणत्या सूत्राने सोडवायचं हे?

म्हणून आता मी उत्तर सोडवत बसत नाही, प्रश्न बदलून घेते. अर्थात परस्पर नाही. दुभाष्याने गुपचूप प्रश्न बदलणं हाही अपराधच, कारण डॉक्टरांना वाटतं आपण एक विचारलं आणि रुग्णाला वेगळंच विचारलं गेलेलं असतं. मी नर्सला उघड सांगते: “दुभाषी बोलतेय. हा प्रश्न नकारार्थी आहे, मराठीत याच्या ‘हो’चा अर्थ ‘खाल्लेलं नाही’ असाही होतो. शेवटचं काय आणि किती वाजता, असं विचारू का?” आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. मग रुग्णाला विचारते, “शेवटचं काय खाल्लंत? किती वाजता?” त्यानंतर, “त्याच्यानंतर चहा, दूध, पाणी, गोळी, पान-तंबाखू, काय काय तोंडात गेलं?” एकेक नाव घेऊन. या प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटता येत नाही, वस्तू आणि वेळ सांगावीच लागते. शेवटी सगळं त्यांना परत ऐकवते: “म्हणजे रात्री आठला जेवलात, सकाळी सहाला पाणी, बस्स. बरोबर?” इथलं ‘हो’ मात्र मी निर्धास्त घेते, कारण वाक्य होकारार्थी आहे आणि दोन्ही भाषांत त्याचा अर्थ एकच.

जेवणापेक्षाही मला जास्त भीती वाटते ती ॲलर्जीच्या प्रश्नाची. “नो ॲलर्जीज?” असं घाईत विचारतात. “कशाची ॲलर्जी नाही ना?” “हो.” हे ‘येस’ म्हणून पोचलं तर निदान पुढचा प्रश्न तरी येतो, कशाची? उलटं झालं तर काहीच येत नाही. माणूस म्हणतो, “नाही, ते पेनिसिलिन…” आणि नर्सने ‘नाही’ ऐकताच खूण करून पान उलटलेलं असतं. हे ‘नाही’ म्हणजे ‘तुमचं चुकतंय, आहे मला’ असं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीची जी तपासयादी आणली, तिच्यात ॲलर्जीचा प्रश्न होकारार्थी आहे: रुग्णाला ज्ञात ॲलर्जी आहे का? कागदावर तो बरोबरच आहे. बोलताना माणसं तो उलटा करतात. तुम्ही शेजारी असाल तर मराठीत असं विचारा: “कोणत्या औषधाने अंगावर पुरळ, सूज, श्वास लागणं असं कधी झालंय?”

संमतीच्या वेळी तर दुभाष्याला मुद्दाम शब्द उलटावा लागतो. “डू यू माइंड इफ अ स्टुडंट वॉचेस?” याचं सरळ मराठी म्हणजे “एक विद्यार्थी बघेल, चालेल का?” आजी म्हणतात, “हो, चालेल.” मी तेच ‘येस’ म्हणून पोचवलं तर अर्थ होतो, हरकत आहे. म्हणून मी “नो, शी डझन्ट माइंड” असं पूर्ण वाक्य देते. आजी शेजारी बसून माझ्या तोंडून ‘नो’ ऐकतात आणि दचकतात, तुमच्या आईंसारख्याच. त्यांना तिथल्या तिथे सांगते, चालेल असंच सांगितलंय हो.

पूर्ण वाक्याची ही सवय मला वडिलांकडून मिळाली. ते जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. आपल्याकडच्या न्यायालयांत साक्ष बहुतेक वेळा प्रश्नोत्तरांऐवजी निवेदनाच्या रूपात उतरवतात. उलटतपासणीत वकिलाने विचारलं, “तुम्ही त्या रात्री तिथे नव्हतात?” आणि साक्षीदार “नाही” म्हणाला, तर कागदावर नुसतं ‘नाही’ जात नाही. ‘मी त्या रात्री तिथे नव्हतो हे म्हणणे खरे नाही’ असं वाक्य जातं, किंवा त्याच्या नेमकं उलट. कोणतं, हे ठरवण्यासाठी न्यायाधीश साक्षीदाराला थांबवून विचारतात, म्हणजे होतात की नव्हतात? लहानपणी ती वाक्यं मला उगाच लांबण लावलेली वाटायची. दुभाषी झाल्यावर त्यांची किंमत कळली. इंग्लंडच्या न्यायालयात मात्र मी प्रश्न बदलायला सुचवू शकत नाही, तो वकिलाचा हक्क आहे. तिथे उत्तर आहे तसं सांगायचं आणि न्यायाधीशांची परवानगी मागून म्हणायचं की हे उत्तर मराठीत दोन्हीकडे जाऊ शकतं.

आता पुढच्या महिन्याचं. ऑपरेशनच्या आधी रुग्णालयाचा तपासणीसाठी फोन येईल किंवा बोलावणं येईल. तेव्हाच सांगा की आईला मराठी दुभाषी हवा. इथल्या सरकारी रुग्णालयात त्याचे पैसे पडत नाहीत. तुम्हाला चांगलं इंग्रजी येतं हे मला कळतंय, पण त्या सकाळी तुम्ही मुलगा असता, काळजीत असता, आणि आईच्या वतीने पटकन उत्तर देता. दोन्ही कामं एकाच वेळी होत नाहीत.

आदल्या रात्री एक कागद घ्या. त्यावर आईंच्या देखत लिहा: शेवटचं जेवण काय, किती वाजता, शेवटचा दुधाचा चहा किती वाजता, शेवटचं पाणी किती वाजता, गोळ्या कोणत्या, किती वाजता. पाण्याची वेळ सकाळी भरा. खाली तेच इंग्रजीत. नर्सच्या हातात तो कागद द्या. आणि आईंना इंग्रजीत बोलायचंच असेल, स्वतःचं उत्तर स्वतः द्यायची त्यांची इच्छा असेल, तर ‘येस’ आणि ‘नो’ दोन्ही बाजूला ठेवून एकच वाक्य शिकवा: “लास्ट फूड, एट ओ’क्लॉक, लास्ट नाइट.” प्रश्न सरळ येवो की उलटा, उत्तर हेच. घरून निघण्याआधी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या, आणि नर्सने विचारलं की तुम्ही गप्प राहा.